ट्रिप्लेट तोच, क्वार्टेट तोच, रेणू मात्र वेगळा: आयआर आणि एनएमआरवरून रचना ठरवण्याचा प्रश्न कसा सोडवावा

सेंद्रिय रसायनाच्या पेपरात रचना ओळखण्याचा प्रश्न आला आणि एनएमआरच्या ओळीत एक ट्रिप्लेट आणि एक क्वार्टेट दिसला, की विद्यार्थी लगेच 'इथिल गट' असं लिहितो. ते बरोबरच असतं. गुण जातात ते त्याच्या पुढच्या पायरीला. तो इथिल गट नेमका कशाला जोडलेला आहे, ऑक्सिजनला की कार्बोनिलच्या कार्बनला, हे ठरवताना बहुतेक जण अंदाजाने एक नाव टाकतात. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की हा लेख तेवढ्या एकाच जागेसाठी लिहितो आहे. त्यासाठी एक पूर्ण प्रश्न हातात घेऊ आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या उपप्रश्नापर्यंत सोडवू.

प्रश्न असा:

एका सेंद्रिय संयुग 'क'मध्ये कार्बन ५४.५ टक्के, हायड्रोजन ९.१ टक्के आणि उरलेला ऑक्सिजन आहे. वस्तुमान वर्णपटात त्याच्या रेणु-आयनाचं मूल्य ८८ आहे. आयआरमध्ये २९८५, १७४२, १२४१ आणि १०४८ सेमी⁻¹ इथे पट्टे आहेत. प्रोटॉन एनएमआरमध्ये (CDCl3, ३०० मेगाहर्ट्झ) १.२६ पीपीएमला ट्रिप्लेट (३ प्रोटॉन), २.०४ ला सिंगलेट (३ प्रोटॉन) आणि ४.१२ ला क्वार्टेट (२ प्रोटॉन) आहे. (अ) रेणुसूत्र काढा. (आ) आयआरवरून क्रियात्मक गट ओळखा. (इ) एनएमआरमधल्या प्रत्येक सिग्नलचं स्पष्टीकरण द्या. (ई) रचना लिहा. (उ) 'क' सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उकळून नंतर आम्लधर्मी केल्यावर 'ख' आणि 'ग' मिळतात. 'ख' सोडियम बायकार्बोनेटबरोबर बुडबुडे देतो. 'ग' ओळखा, आणि D2O घालून हलवल्यावर त्याच्या एनएमआरमध्ये काय बदल दिसेल ते सांगा.

आधी सूत्र, मग वर्णपट

(अ) हा दोन मिनिटांचा भाग आहे, पण तो सोडून पुढे गेलात तर पुढचं सगळं हवेत राहतं. ५४.५ ला १२ ने भागलं की साधारण ४.५४, ९.१ ला १ ने भागलं की ९.१, आणि ऑक्सिजनचे ३६.४ टक्के १६ ने भागले की २.२७. सगळ्यांना २.२७ ने भागल्यावर २ : ४ : १ असं गुणोत्तर मिळतं, म्हणजे C2H4O. याचं वस्तुमान ४४, आणि रेणूचं ८८, म्हणून रेणुसूत्र C4H8O2.

लगेच असंतृप्ततेचा अंक काढा, ज्याला वर्गात आपण डीबीई म्हणतो. चार कार्बनच्या पूर्ण संतृप्त साखळीला १० हायड्रोजन लागतात. इथे ८ आहेत, म्हणजे दोन कमी, आणि दोन हायड्रोजन कमी म्हणजे एक दुहेरी बंध किंवा एक वलय. ऑक्सिजनमुळे या हिशेबात काही फरक पडत नाही. हा 'एक' उत्तरपत्रिकेच्या समासात लिहून ठेवा. पुढे कार्बोनिल सापडला की हा एक संपला, आणि मग रेणूत दुसरा दुहेरी बंध नाही, वलयही नाही. एवढ्या एका आकड्याने किती तरी रचना बाद होतात.

आयआर वाचताना काय नाही तेही पाहा

आयआरमध्ये डावीकडून उजवीकडे जाऊ नका. सरळ १८०० ते १६५० या पट्ट्यात जा. तिथे जोरदार, खोल शोषण असेल तर कार्बोनिल आहे. आपल्याकडे १७४२ आहे. असंतृप्ततेचा एक अंक इथे खर्ची पडला.

आता हा कार्बोनिल कोणाचा? साध्या, संयुग्मन नसलेल्या कीटोनचा पट्टा १७१५ च्या आसपास येतो, अल्डिहाइडचा १७२५ च्या, एस्टरचा १७४० च्या, आणि कार्बोक्झिलिक आम्लाचा १७१० च्या आसपास. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण लक्षात ठेवलं तर परीक्षेत गोंधळ होत नाही. एस्टरमध्ये कार्बोनिलच्या कार्बनला शेजारचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून आणखी धन करतो, कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध ताठ होतो, आणि ताठ स्प्रिंग जास्त वारंवारतेने हलते. त्याच ऑक्सिजनची एकाकी जोडी अनुस्पंदनाने उलट दिशेनेही थोडी ओढते, पण एस्टरमध्ये पहिला परिणाम वरचढ ठरतो. आम्लात मात्र दोन रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून जोडीने असतात, त्यामुळे दुहेरी बंध जरा सैल पडतो आणि पट्टा खाली सरकतो.

पण १७४२ आणि १७२५ मध्ये फरक फक्त १७ चा आहे. नमुना द्रव आहे की द्रावणात, शेजारी काय आहे, यावरून एवढा फरक सहज पडू शकतो. म्हणून कार्बोनिलच्या एकट्या आकड्यावर निकाल देऊ नका, त्याचा साक्षीदार शोधा. अल्डिहाइड असेल तर २८२० आणि २७२० च्या आसपास दोन छोटे पट्टे हवेत. आम्ल असेल तर ३३०० पासून २५०० पर्यंत पसरलेला, सी-एचच्या पट्ट्यांना पोटात घेणारा रुंद ओ-एच हवा. एस्टर असेल तर १३०० ते १००० च्या दरम्यान कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंधाचे जोरदार पट्टे हवेत. आपल्याकडे पहिले दोन साक्षीदार नाहीत, तिसरा आहे: १२४१ आणि १०४८. म्हणून एस्टर.

उत्तर लिहिताना 'ओ-एच पट्टा नाही, म्हणून आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही नाहीत' हे वाक्य जरूर लिहा. C4H8O2 या सूत्रात ब्युटानॉइक आम्ल बसतं, २-मिथिलप्रोपानॉइक आम्ल बसतं, ओ-एच असलेला कीटोनही बसतो. डायऑक्सेनसुद्धा बसतं, पण त्यात कार्बोनिलच नाही. हे सगळे पर्याय दोनच निरीक्षणांनी कापले गेले, आणि ते का कापले गेले हे परीक्षकाला दिसलं पाहिजे.

१२४१ बद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ॲसिटेट एस्टरांचा हा जोरदार पट्टा १२४० च्या आसपास येतो, तर इतर संतृप्त एस्टरांचा तो १२१० ते ११६० च्या दरम्यान येतो. म्हणजे आयआरनेच आपल्या कानात 'ॲसिटेट' असं सांगितलेलं आहे. पण हा बोटांच्या ठशांच्या प्रदेशाला लागून असलेला भाग आहे, तिथे पट्ट्यांची गर्दी असते. म्हणून याला इशारा समजा, निकाल समजू नका. निकाल एनएमआर देईल.

ओ-एच 'नाही' म्हणताना एक सावधगिरी लागते. छापील वर्णपट दिला असेल तर ३४५० च्या आसपास कधी कधी एक अगदी लहानसा खळगा दिसतो. तो १७४० च्या कार्बोनिलचा अधिस्वर असतो, दुपटीच्या जवळपास येणारा. अल्कोहोलचा ओ-एच असा लहान आणि अरुंद नसतो, तो रुंद आणि जोरदार असतो. दुसरा फसवा पट्टा पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकतीचा. हे मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळ्यात नीट न वाळवलेल्या चकतीवर ३४०० ला रुंद पट्टा हमखास येतो. प्रात्यक्षिकात असा पट्टा दिसला तर कोऱ्या चकतीचा वर्णपट घेऊन दोन्ही शेजारी ठेवा.

एनएमआर: सिग्नलला तीन वेगवेगळे प्रश्न विचारा

प्रत्येक सिग्नलकडे तीन माहित्या असतात आणि त्या तीन वेगळ्या गोष्टींबद्दल असतात. क्षेत्रफळ सांगतं की हे प्रोटॉन किती आहेत. स्प्लिटिंग सांगतं की शेजाऱ्याकडे किती आहेत. आणि पीपीएममधली जागा सांगते की हे प्रोटॉन कशाजवळ बसले आहेत. या तिघांची सरमिसळ झाली की चूक झालीच.

क्षेत्रफळापासून सुरुवात करू. प्रश्नात ३, ३, २ असे आकडे तयार दिले आहेत, पण छापील वर्णपटावर पायऱ्यांसारखी चढत जाणारी रेघ असते आणि तिची चढण पट्टीने मोजावी लागते. समजा चढणी २२, ३३ आणि ३३ मिलिमीटर आल्या. बेरीज ८८, आणि प्रोटॉन ८, म्हणजे एका प्रोटॉनला ११ मिलिमीटर. मग २, ३, ३. लक्षात ठेवा, क्षेत्रफळ फक्त गुणोत्तर देतं. सममित रेणूत हे गुणोत्तर फसवतं: डायइथिल सक्सिनेटचं गुणोत्तर २ : २ : ३ येतं, पण प्रत्यक्षात प्रोटॉन ४, ४ आणि ६ असतात. म्हणून बेरीज रेणुसूत्रातल्या हायड्रोजनशी जुळवून पाहायचीच.

क्षेत्रफळाची ही ताकद पहिल्यांदा दाखवली गेली ती साध्या इथेनॉलवर. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचे तीन वेगळे सिग्नल १ : २ : ३ या प्रमाणात दाखवले. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं काम त्यांनी उभं केलं. त्या वर्णपटात स्प्लिटिंग दिसत नव्हतं, नुसते तीन उंचवटे होते, आणि तेवढ्यावरही OH, CH2 आणि CH3 ओळखता येत होते.

आता स्प्लिटिंग. नियम सगळ्यांना पाठ असतो: शेजारी n समतुल्य प्रोटॉन असतील तर n+1 रेषा. चूक होते ती 'शेजारी' या शब्दावर. क्वार्टेट पाहून 'चार रेषा, म्हणजे हा CH3' असं लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचतो. क्वार्टेट असलेला सिग्नल स्वतः CH3 नाही, त्याच्या शेजारी CH3 आहे. आपला ४.१२ चा सिग्नल क्षेत्रफळाने २ प्रोटॉनचा, म्हणून तो CH2, आणि चार रेषांचा, म्हणून त्याच्या शेजारी तीन प्रोटॉन. १.२६ चा सिग्नल ३ प्रोटॉनचा, म्हणून CH3, आणि तीन रेषांचा, म्हणून शेजारी दोन प्रोटॉन. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. २.०४ चा CH3 एकाच रेषेचा, म्हणजे त्याच्या लगतच्या अणूवर प्रोटॉनच नाही.

दोघं खरोखर एकमेकांचेच शेजारी आहेत याचा पुरावाही मिळतो. समजा क्वार्टेटच्या रेषा ४.१५६, ४.१३२, ४.१०८ आणि ४.०८४ ला आहेत. लगतच्या दोन रेषांत अंतर ०.०२४ पीपीएम. यंत्र ३०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे १ पीपीएम म्हणजे ३०० हर्ट्झ, आणि ०.०२४ गुणिले ३०० बरोबर ७.२ हर्ट्झ. ट्रिप्लेटच्या रेषा १.२८४, १.२६० आणि १.२३६ ला, अंतर पुन्हा ०.०२४, पुन्हा ७.२ हर्ट्झ. हा युग्मन स्थिरांक, म्हणजे J, दोन्हीकडे सारखाच यावा लागतो, कारण अ ने ब ला जेवढं फाडलं तेवढंच ब ने अ ला फाडलेलं असतं. दोन ट्रिप्लेट आणि दोन क्वार्टेट असलेल्या रेणूत कोणाची जोडी कोणाशी हे J ची तुलना करूनच ठरवावं लागतं. मात्र सगळ्या इथिल गटांचे J सातच्या आसपासच असतात, म्हणून दशांशापर्यंत नीट मोजल्याशिवाय तिथे काही सांगता येत नाही.

खरी गोम इथे आहे

इथपर्यंत आपल्या हातात तीन तुकडे आहेत: इथिल गट CH3CH2, एक एकटा CH3, आणि आयआरने दिलेला एस्टरचा COO. दोन अधिक एक अधिक एक, चार कार्बन. पाच अधिक तीन, आठ हायड्रोजन. दोन ऑक्सिजन. सगळं जुळलं. आता हे तुकडे दोन प्रकारे जोडता येतात:

CH3–CO–O–CH2CH3, म्हणजे इथिल ॲसिटेट (इथिल इथेनोएट)

CH3CH2–CO–O–CH3, म्हणजे मिथिल प्रोपानोएट

दोन्हींमध्ये ट्रिप्लेट, क्वार्टेट, सिंगलेट. दोन्हींचं क्षेत्रफळ ३, २, ३. दोन्हींना एस्टरचाच कार्बोनिल. स्प्लिटिंग आणि क्षेत्रफळ मिळूनही या दोघांत फरक करू शकत नाहीत, आणि म्हणूनच परीक्षक हा प्रश्न निवडतो. फरक फक्त जागेत आहे.

ऑक्सिजनला थेट चिकटलेल्या कार्बनवरचे प्रोटॉन एस्टरमध्ये साधारण ३.६ ते ४.४ पीपीएमला येतात. कार्बोनिलच्या कार्बनला चिकटलेले २.० ते २.५ ला. कारण तेच, इलेक्ट्रॉन ओढणं: ऑक्सिजन प्रोटॉनभोवतीचं इलेक्ट्रॉनचं पांघरूण कार्बोनिलपेक्षा जास्त पातळ करतो. मिथिल प्रोपानोएटमध्ये CH2 कार्बोनिलला चिकटलेला आहे, म्हणून त्याचा क्वार्टेट २.३ च्या आसपास येतो, आणि ऑक्सिजनवरच्या CH3 चा सिंगलेट ३.७ च्या आसपास. इथिल ॲसिटेटमध्ये उलट: क्वार्टेट ४.१ ला, सिंगलेट २.० ला.

आपला क्वार्टेट ४.१२ ला आहे. म्हणजे CH2 ऑक्सिजनवर आहे. सिंगलेट २.०४ ला, म्हणजे CH3 कार्बोनिलवर. 'क' म्हणजे इथिल ॲसिटेट, आणि १२४१ चा आयआरचा इशाराही आता जुळून आला.

विद्यार्थ्यांना मी एक सवय लावायला सांगतो. एस्टर आहे असं कळलं की सगळ्यांत आधी एनएमआरमध्ये ३.६ ते ४.४ च्या दरम्यान कोण बसलं आहे ते पाहायचं. जो तिथे बसला आहे तो अल्कोहोलच्या बाजूचा. सिंगलेट असेल तर मिथिल एस्टर, क्वार्टेट असेल तर इथिल एस्टर. तिथे ट्रिप्लेट असेल तर O–CH2–CH2 अशी साखळी. आणि ५ च्या आसपास एक प्रोटॉनचा सात रेषांचा सिग्नल असेल तर आयसोप्रोपिल. C4H8O2 चे उरलेले दोन एस्टर, प्रोपिल आणि आयसोप्रोपिल फॉर्मेट, असेच सापडतात, शिवाय त्यांच्यात ८ पीपीएमच्या आसपास एका प्रोटॉनचा सिग्नल असतो, कार्बोनिलवरच्या हायड्रोजनचा.

(इ) चं उत्तर लिहिताना प्रत्येक सिग्नलला एक ओळ द्या आणि तीनही माहित्या वापरा. उदाहरणार्थ: '४.१२ पीपीएम, २ प्रोटॉन, म्हणून CH2. क्वार्टेट, म्हणून शेजारी CH3. चारच्या वर, म्हणून एस्टरच्या ऑक्सिजनला जोडलेला. तुकडा: –O–CH2–CH3.' आणि '२.०४ पीपीएम, ३ प्रोटॉन, म्हणून CH3. सिंगलेट, म्हणून लगतच्या कार्बनवर हायड्रोजन नाही. दोनच्या आसपास, म्हणून कार्बोनिलला जोडलेला. तुकडा: CH3–CO–.' नुसतं '२.०४ म्हणजे CH3' लिहिणाऱ्याने तीनपैकी दोन माहित्या टाकून दिलेल्या असतात, आणि गुणही त्याच मापाने मिळतात.

'ग' आणि D2O

(उ) मध्ये एस्टर फुटून आम्ल आणि अल्कोहोल मिळतं. बायकार्बोनेटबरोबर बुडबुडे देणारा 'ख' ॲसिटिक आम्ल, म्हणून 'ग' इथेनॉल. वरची निवड चुकली असती तर इथे 'ग' मिथेनॉल आला असता, म्हणजे एका चुकीचे गुण दोनदा गेले असते. प्रश्नात पुढे 'ग आयोडोफॉर्म चाचणी देतो' असं वाक्य असेल तर ते याच फाट्यावरचा दिशादर्शक आहे: इथेनॉल ती चाचणी देतं, मिथेनॉल देत नाही.

इथेनॉलच्या एनएमआरमध्ये १.२ ला ट्रिप्लेट, ३.७ ला क्वार्टेट आणि एका प्रोटॉनचा ओ-एचचा सिग्नल असतो. CH2 एस्टरमध्ये ४.१ ला होता, तो अल्कोहोलमध्ये ३.७ ला आला, कारण ऑक्सिजनवरचा कार्बोनिल गेला. D2O घालून हलवलं की ओ-एचमधल्या हायड्रोजनची जागा ड्युटेरियम घेतं, तो सिग्नल नाहीसा होतो आणि ४.८ च्या आसपास HOD चा नवा सिग्नल येतो.

इथे हुशार विद्यार्थी एक रास्त शंका काढतो: CH2 च्या शेजारी ओ-एचचाही प्रोटॉन आहे, मग CH2 नुसता क्वार्टेट कसा? कारण नेहमीच्या नमुन्यात आम्लाचा किंवा पाण्याचा अंश असतो आणि ओ-एचचा प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर इतक्या झपाट्याने उड्या मारतो, की CH2 ला तो एक ठराविक शेजारी म्हणून जाणवतच नाही. डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात ही अदलाबदल मंदावते. तिथे ओ-एच स्वतः ट्रिप्लेट दिसतो आणि CH2 क्वार्टेटपेक्षा गुंतागुंतीचा होतो. म्हणून द्रावक कोणता ते वाचल्याशिवाय ओ-एचबद्दल बोलू नका.

प्रयोगशाळेत हेच तीन सिग्नल

१.२६, २.०४, ४.१२ हे आकडे पाठच असू द्या, कारण ते परीक्षेपुरते नाहीत. कॉलमला इथिल ॲसिटेट वापरतात, आणि पदार्थ नीट सुकवला नाही तर त्याच्या एनएमआरमध्ये हे तीन सिग्नल उमटतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात एका विद्यार्थिनीने आपल्या संयुगात इथिल एस्टर तयार झालाय असं मानून दोन दिवस अभिक्रियेची यंत्रणा शोधली होती. मी तिला फक्त क्षेत्रफळं वाचायला सांगितली. बाकीच्या सिग्नलांची क्षेत्रफळं पूर्णांकात येत होती आणि या तिघांची ०.४, ०.६, ०.६. प्रोटॉन ०.४ असू शकत नाही. आपसात २ : ३ : ३ असलेले पण रेणूतल्या बाकीच्यांशी न जुळणारे सिग्नल दुसऱ्या रेणूचे असतात. नमुना निर्वात पंपावर रात्रभर ठेवल्यावर तिघंही गेले. CDCl3 मध्ये ७.२६ ला दिसणारी रेषा आणि १.५६ ची पाण्याची रेषा याही अशाच वगळायच्या असतात.

हाच प्रश्न वलय घेऊन आला तर

आता C9H10O2 घ्या. असंतृप्ततेचा अंक ५. चार किंवा जास्त अंक आणि ७ च्या आसपास सिग्नल, म्हणजे बेंझीन वलय, आणि उरलेला एक कार्बोनिलचा. पुन्हा ट्रिप्लेट आणि क्वार्टेट दिले आहेत. आता मुख्य तीन दावेदार होतात: इथिल बेंझोएट, फिनाइल प्रोपानोएट, आणि ४-इथिलबेंझोइक आम्ल.

क्वार्टेट ४.४ च्या जवळ असेल तर इथिल बेंझोएट, CH2 ऑक्सिजनवर. आयआर दुजोरा देतो: वलयाशी संयुग्मन झाल्यामुळे कार्बोनिल १७४० वरून १७२० च्या खाली उतरतो. फिनाइल प्रोपानोएटमध्ये वलय कार्बोनिलला चिकटलेलं नसून ऑक्सिजनला चिकटलेलं आहे. ऑक्सिजनची एकाकी जोडी वलयाकडे वळते, कार्बोनिलला कमी मिळते, आणि पट्टा उलट वर, १७६० च्या आसपास जातो. वलयाचे प्रोटॉनही तेच सांगतात. बेंझोएटमध्ये कार्बोनिललगतचे दोन प्रोटॉन ८.० ला फेकले जातात, फिनाइल एस्टरमध्ये ऑक्सिजनलगतचे दोन ७.१ च्या आसपास राहतात.

अवघड जागा उरते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या दावेदारात. फिनाइल प्रोपानोएटचा CH2 कार्बोनिलवर, क्वार्टेट २.६ च्या आसपास. ४-इथिलबेंझोइक आम्लाचा CH2 वलयावर, क्वार्टेट २.७ च्या आसपास. एवढ्याशा फरकावर तक्त्यातून निर्णय देणं म्हणजे नाणं उडवणं. इथे क्वार्टेट सोडा आणि वलयाचे प्रोटॉन मोजा. फिनाइल एस्टरमध्ये ते ५ असतात, आम्लात ४. आम्लातले ते चार दोन स्वच्छ डब्लेटमध्ये येतात, प्रत्येकी २ प्रोटॉन, ८.० आणि ७.३ ला, J सुमारे ८ हर्ट्झ. समोरासमोर दोन वेगळे गट असलेल्या वलयाची ही ओळखखूण आहे. मग आयआरकडे वळा: १६९० च्या आसपासचा कार्बोनिल आणि २५०० पर्यंत पसरलेला ओ-एच असेल तर आम्ल. एनएमआरमध्ये आम्लाचा प्रोटॉन १० च्या पलीकडे रुंद येतो आणि कधी इतका पसरतो की दिसतही नाही, म्हणून तो दिसला नाही एवढ्यावरून आम्ल बाद करू नका. हायड्रोजनची बेरीज करा: ३ अधिक २ अधिक ४ झाले ९, सूत्रात आहेत १०. न सापडलेला दहावा तोच.